'फोर-के' एलईडी वॉलच्या नावाखाली १८,५०० रुपये उकळले

मुलीच्या लग्नात बेळगावातल्या मंगल कार्यालयात एलईडी वॉल लावायला आम्ही एका डेकोरेशनवाल्याला ३२,००० रुपये भाड्याने सांगितले. "काका, व्हॉट्सॲपवरचे फोटो एवढ्या मोठ्या पडद्यावर फाटतील, सगळे फोर-के करून घ्यावे लागतील," असे सांगून त्याने फोटो आणि व्हिडिओ 'कन्व्हर्ट' करण्याचे १८,५०० रुपये वेगळे घेतले, तेही रोख आणि बिलाशिवाय. लग्नघरात त्या दिवसांत आकडे तपासत बसायला कोणाला सवड असते, हे ज्यांनी लग्न काढले आहे त्यांनीच सांगावे.

हळदीच्या संध्याकाळी वॉल उभी राहिली तेव्हा ऑपरेटरच्या लॅपटॉपवर 1024 × 640 असे स्वच्छ दिसत होते आणि मी शेजारीच उभा होतो. सगळी लबाडी त्या दोन आकड्यांत होती. भिंत पी ३.९१ पिचची, म्हणजे दोन दिव्यांमधले अंतर ३.९१ मिलिमीटर, अर्ध्या मीटरच्या चौकोनी पॅनेलवर आडवे १२८ आणि उभे १२८ दिवे. आडवी ८ आणि उभी ५ पॅनेल, म्हणजे १०२४ गुणिले ६४०, जेमतेम साडेसहा लाख दिवे. फोर-केला ८३ लाख ठिपके लागतात, आणि एका ठिपक्याला एक दिवा. जे दिवेच नाहीत, त्यांचे पैसे मी मोजले!

व्हॉट्सॲपवरून आलेला १६०० ठिपके रुंदीचा आडवा फोटोसुद्धा या भिंतीला पुरून उरला असता. अडचण होती ती गर्दीच्या फोटोतून कापून काढलेल्या आजोबांच्या चेहऱ्याची. त्यात मुळात रुंदीला दीडदोनशेच ठिपके असतील, आणि ते ताणून मोठे केल्यावर चेहरा मेणाचा दिसू लागला. अशा वेळी मूळ छापील फोटो नव्याने स्कॅन करावा लागतो. शिवाय १६:९ चा व्हिडिओ १६:१० च्या भिंतीवर पट्ट्या न सोडता भरल्यामुळे सगळी मंडळी थोडी उभट दिसली, तरी पाहुण्यांसमोर डेकोरेशनवाला "एकदम क्लिअर" म्हणतच होता.

पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे, बिल आणा" एवढेच उत्तर मिळाले. बिल नाही हीच तर तक्रार होती! कन्नडमधला अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेऊन पुन्हा गेलो, तर साहेब बंदोबस्ताला. त्यानंतर "पाहू" म्हणाले आणि आजतागायत पाहतच आहेत. डेकोरेशनवाला मात्र त्याच रस्त्यावर दुसऱ्याच्या लग्नाची भिंत उभारतो आहे.

आगाऊ रक्कम देण्याआधी पिच, पॅनेलची आडवी-उभी संख्या आणि एकूण पिक्सेल बिलावर लिहून घ्या. भिंत उभी राहिली की पट्टी लावून १० सेंटिमीटरमधले दिवे मोजा: पी ३.९१ असेल तर सुमारे २५ भरतात, २१ भरले तर पी ४.८१ ची विरळ दिव्यांची भिंत माथी मारली आहे. व्हिडिओ बनवणाऱ्याला भिंतीच्याच मापाची फाईल करायला सांगा. फोर-केचे वेगळे पैसे मागितले, तर आधी पॅनेल मोजून दाखव म्हणावे.