खाडीकाठच्या घराला कोणतं सिमेंट?

मालवणला खाडीलगत एक मजली घर बांधायचं, पाया भरतीच्या खाऱ्या ओलीत राहणार, असं समजू. दुकानदार विचारतो, साधं ओपीसी देऊ, पीपीसी देऊ की स्लॅग? माझ्या मते या एका घरात दोन प्रकार लागतील, आणि तिसरं बहुधा लागणार नाही.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की ते घट्ट होताना चुना सुटतो. साध्या सिमेंटात तो तसाच राहतो. पीपीसी म्हणजे पोझोलाना सिमेंटात औष्णिक वीजकेंद्राची राख १५ ते ३५ टक्के असते. ती त्या चुन्याशी संयोग पावून बारीक छिद्रं भरत जाते, पण सावकाश. स्लॅग सिमेंटात लोखंडाच्या झोतभट्टीची मळी २५ ते ७० टक्के असते. मळीचं प्रमाण भरपूर असेल, तर मिठाच्या पाण्यातले, सळई गंजवणारे क्लोराइड आत सळईपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. म्हणून फुटिंग, जोत्याखालचे कॉलम, जमिनीतली पाण्याची टाकी आणि शौचालयाची टाकी यांना मी स्लॅगच घेईन.

वरच्या भिंती, गिलावा आणि स्लॅबला पीपीसी बरं. माल मऊ लागतो, थापीखाली छान पसरतो, उष्णता हळूहळू सुटते. अडचण वेगाची आहे. भारतीय मानकाप्रमाणे तीन दिवसांत ४३ ग्रेड ओपीसीची किमान ताकद २३ मेगापास्कल हवी, पीपीसी आणि स्लॅगची १६. पुढे महिन्या-दोन महिन्यांत हे दोघे भरून काढतात, पण त्यासाठी ओल टिकायला हवी. ओपीसीला किमान सात दिवस पाणी पुरतं, यांना दहा. कडक उन्हात चौदा.

इथेच काम बिघडतं. एका साइटवर एप्रिलमध्ये मी पीपीसीचा स्लॅब टाकला आणि पाचव्या दिवशी पाणी मारणं थांबलं. आठवड्यानं खिळ्यानं ओरखडा ओढला, तर राखी भुकटी निघाली. नीट पिकलेल्या काँक्रीटवर खिळा नुसती चकाकती रेघ काढतो. तेव्हापासून स्लॅबवर मातीचे वाफे घालून पाणी साठवतो आणि कॉलमला गोणपाट गुंडाळतो.

सेंटरिंगचीही घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढावेत, हा नियम ओपीसीसाठी आहे. पीपीसी आणि स्लॅग या मिश्र सिमेंटला मी दहा-बारा दिवस थांबतो, भाड्याचे चार पैसे जास्त गेले तरी.

ओपीसी कुठे? पेव्हर ब्लॉक, कुंपणाचे खांब, पूर्वताणित गर्डर, म्हणजे जिथे साचा उद्याच मोकळा हवा तिथे. रोज पाणी मारायला माणूसच नसेल तरीही मी ओपीसी ४३ सुचवेन, पण खाडीच्या पायाला नाही. घरासाठी ५३ ग्रेडचा आग्रह धरू नका. ते जास्त तापतं आणि पाणी कमी पडलं की स्लॅबला केसासारख्या भेगा जातात.

गोणी घेताना छापलेला आठवडा आणि वर्ष वाचा. पावसाळ्यात तीन महिन्यांपूर्वीची गोणी फोडून गुठळ्या बोटांनी चुरगळत नसतील, तर ती परत करा.