सात महिने, चोवीस माग आणि एक ध्वनिमापक

पावसाळ्याच्या तोंडावर क्लास २चा ध्वनिमापक घेतला. अर्ध्या इंचाचा मायक्रोफोन, LAeq म्हणजे मोजलेल्या वेळेतला सरासरी आवाज दाखवणारा, नोंदी साठवणारा. सोबत कॅलिब्रेटर वेगळा घ्यावा लागला. दुकानदार म्हणाला होता, "यंत्र कारखान्यातून कॅलिब्रेट होऊनच येतं, कॅलिब्रेटर नंतर घ्या." त्याचं ऐकलं नाही हे बरं झालं. सात महिन्यांत बहुतेक काम इचलकरंजीच्या यंत्रमाग शेडमध्ये झालं, म्हणून तिथलंच सांगतो.

आधी कॅलिब्रेशन, कारण माझा सगळ्यात मोठा घोळ तिथेच झाला. कॅलिब्रेटर म्हणजे मुठीएवढं डबडं. मायक्रोफोन त्याच्या भोकात घट्ट बसवायचा, बटण दाबलं की १००० हर्ट्झचा एकच सूर ९४ डेसिबलला लागतो. ९४ का, तर तो बरोबर १ पास्कल दाबाचा आवाज. माझ्या मापकाच्या पुस्तिकेत मात्र ९४.० नाही, ९३.८ लावायला सांगितलंय. मोकळ्या हवेसाठी बनवलेला मायक्रोफोन बंद पोकळीत थोडा कमी दाखवतो, त्याची ती दुरुस्ती. पहिले दोन महिने मी ९४.० च लावत होतो! दशांश दोनचा फरक, त्याने फार बिघडलं नाही, पण पुस्तिका वाचलेली बरी.

खरा घोळ ऑगस्टमधला. सकाळी घाईत शेडबाहेर गाडीच्या बॉनेटवरच कॅलिब्रेटर लावला. पडद्यावर ९३.० आलं. म्हटलं यंत्र थोडं सरकलं असेल, आणि दुरुस्तीचं बटण दाबून ९३.८ करून टाकलं. दिवसभरात ३८ जागा मोजल्या. संध्याकाळी पुन्हा तपासलं तर ९४.६. डोकं गरगरलं. कॅलिब्रेटर काढून पाहिला तर आतल्या रबरी कड्यावर कापसाची तूस चिकटलेली. सकाळी ती कड्याखाली अडकली होती, फटीतून दाब निसटत होता, म्हणून आकडा कमी येत होता. दिवसभरात ती कधीतरी सरकली. मापक पहिल्यापासून ठीक होता, मीच त्याला ०.८ने चढवला होता.

मग सगळ्या नोंदींतून ०.८ वजा करून मोकळं व्हावं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण चूक फक्त सकाळच्या फटीतूनच आली, मध्येच मायक्रोफोनलाही काही झालं नाही, हे छातीठोक सांगता येत नव्हतं. आधीच्या आणि नंतरच्या तपासणीत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक असेल तर ती नोंद धरायची नाही, हा नेहमीचा दंडक. ३८ जागा पुन्हा मोजल्या. तेव्हापासून आकडा आधी वहीत लिहितो, बटण मागाहून. मागच्या वेळेपेक्षा ०.५ने इकडेतिकडे असेल तर बटणाला हातच लावत नाही. कडं पुसतो, काढून पुन्हा बसवतो, एसी गाडीतून आणलं असेल तर वीस मिनिटं थांबतो. तीनदा तोच आकडा आला, तरच यंत्राचा दोष मानायचा. कॅलिब्रेटरही वर्षातून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, त्याचं प्रमाणपत्र अहवालाला लागतं.

आता जागा. चोवीस मागांच्या शेडमध्ये दोन वेगळी कामं असतात आणि लोक ती हमखास मिसळतात. एक, कामगाराच्या कानाला किती आवाज बसतो. दुसरं, शेडमध्ये आवाज कुठे किती पसरलाय. पहिल्यासाठी कामगार जिथे उभा राहतो तिथे, त्याला बाजूला व्हायला सांगून, जमिनीपासून १.५५ मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या कानाच्या उंचीवर मायक्रोफोन ठेवायचा. त्याला हलता येत नसेल तर त्याच्या कानापासून १० ते ४० सेंटिमीटरवर, ज्या कानाला जास्त आवाज बसतो त्या बाजूला. मापक तिपाईवर लावून आपण मागे सरकायचं. एकदा मुद्दाम हातात धरून पाहिलं: त्याच जागी तिपाईवर ९७.१, हातात ९७.९. माझंच अंग आवाज परतवत होतं.

किती वेळ मोजायचं? धागा तुटला की माग थांबतो, धाग्याची कांडी बदलली की पुन्हा चालतो. अशा ठिकाणी अर्धा मिनिट मोजलं तर नशिबाचा आकडा मिळतो. मी पाच मिनिटांची LAeq घेतो, शंका आली तर तीनदा. आणि सरासरी साध्या बेरजेने काढू नका. निम्मा वेळ ९८ आणि निम्मा वेळ ८६ असेल तर सरासरी ९२ नाही, ९५.३ येते, कारण डेसिबलमागे ऊर्जा मोजली जाते आणि मोठा आवाज सगळं खाऊन टाकतो.

त्या शेडमध्ये मागांच्या बोळात ९७-९८ होतं. मालकांचं म्हणणं, "कामगार स्वतःचे चार माग बंद करून धागा जोडतो, तेवढा वेळ धरू नका की." म्हणून चारही माग थांबवून मोजलं. ९६.४! पत्र्याचं छप्पर आणि बोडक्या भिंती बाकीच्या वीस मागांचा आवाज चहूकडे फिरवत असतात, जवळचा माग थांबवून फारसं काही होत नाही. कारखान्यांच्या नियमांत ८ तासांना ९० आणि पुढे प्रत्येक ५ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९५ला ४ तास. ९७ला जेमतेम ३ तास निघतात. तिथली पाळी १२ तासांची. त्याच हिशेबाने १२ तासांना ८७ हवेत. मालक गप्प झाले, मग म्हणाले, "आकडा नव्वदच्या आत बसवा की साहेब." नाही बसवला.

नकाशाचं काम मजेचं आणि फसवं. जमिनीवर खडूने दोन-दोन मीटरची चौकट आखली, प्रत्येक छेदावर मोजलं आणि QGIS या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगीत पट्टे काढले. पहिला नकाशा झकास दिसत होता, पण चुकीचा. मागांच्या आणि कांडी मशीनच्या खोलीमध्ये विटांची भिंत. इकडे ९६, तिकडे ८७. संगणकाला भिंत ठाऊक नाही, त्याने ९६पासून ८७पर्यंत उतरता रंग लावला आणि कांडी खोलीचा भिंतीलगतचा पट्टा ९२चा दाखवला. तिथे जाऊन मोजलं तर ८७च. आता प्रत्येक खोलीचे बिंदू वेगळे काढून नकाशा वेगळा करतो आणि मग शेजारी जोडतो. दार मात्र नकाशात हवंच. ते उघडं असताना कांडी खोलीत दारासमोर ९१ आलं, बंद केल्यावर ८७. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात दार कसं होतं आणि किती माग चालू होते, हे लिहिल्याशिवाय तो कुणाला देत नाही. आणि नकाशावरून कामगाराच्या कानाला दिवसभरात बसणारा आवाजाचा डोस काढू नये. तो कुठे किती वेळ उभा असतो, हे चौकटीला माहीत नसतं. नकाशा कानबंद सक्तीचा फलक कुठे लावायचा ते सांगतो, बस.

यंत्राबद्दल तक्रारी दोन. मायक्रोफोनवरचा फोमचा गोळा तुसेने लगेच भरतो, दर दोन-तीन भेटींनंतर झटकावा लागतो. आणि उन्हात पडदा वाचता येत नाही. क्लास २ असल्याने उंच सुरांत त्याला सूट जास्त, त्यामुळे हवेच्या नळीच्या शिट्टीसारख्या आवाजांवर त्याच्या भरवशावर वाद घालत नाही, तिथे क्लास १ भाड्याने आणतो. मागाच्या खडखडाटाला मात्र हाच पुरतो. एकदा अकरा नंबरच्या मागाशी आकडा शेजारच्यापेक्षा दीडने जास्त आला, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला दाखवला. त्याने यंत्राकडे पाहिलंही नाही. "सकाळपासून सांगतोय, धोट्याचा ठोका बिघडलाय," म्हणाला आणि पाना घेऊन खाली वाकला.