कप, कापडी पॅड की विकतचे पॅड: पाच वर्षांचा हिशेब

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती कांदिवलीला चार मुलींत एक खोली घेऊन राहते, नोकरी फोर्टला. "मावशी, पाळीत वापरायचा पाचशे रुपयांचा कप दहा वर्षं टिकतो म्हणे. म्हणजे वर्षाला पन्नास रुपये. घेऊन टाकू का?"

हा कप म्हणजे घडी करून योनीत बसवायची मऊ वाटी, तिच्यात रक्त साठतं आणि ती धुऊन परत वापरता येते. भागाकार बरोबर होता, पण बचत भागाकारातून निघत नाही. कप घेतल्यामुळे किती पॅड विकत घ्यायचे थांबले, तेवढीच बचत. कप कपाटात पडून राहिला तर तोही दहा वर्षं छान टिकतो. कापडी पॅडचंही तेच. म्हणून आधी विकतच्या पॅडचा खर्च नीट काढू आणि मग त्यातून काय वजा होतं ते पाहू.

भाचीची पाळी पाच दिवसांची. पहिले दोन दिवस रात्रीचा धरून रोज चार पॅड, तिसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी दोन, शेवटी एक. एका पाळीला चौदा. वर्षाच्या पाळ्या बारा धरायची सवय असते, पण अठ्ठावीस दिवसांचं चक्र असेल तर वर्षात तेरा पाळ्या येतात. म्हणजे वर्षाला १८२ पॅड. ती मोठ्या आकाराचे वापरते, ते तिला सरासरी नऊ रुपयांना पडतात. वर्षाचे १,६३८ रुपये, पाच वर्षांचे ८,१९० आणि तेही भाव जागचा हलला नाही तर. दरवर्षी पाच टक्के वाढला तर हाच आकडा ९,०५० च्या आसपास जातो. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. एक पाळी संपेपर्यंत कॅलेंडरवर रेघा मारून पॅड मोजा, कारण अंदाजाने सांगितलेला आकडा बहुतेक वेळा कमीच निघतो.

कप

पाचशेचा कप आणि पाळीला १२६ रुपयांचे पॅड, म्हणजे चार पाळ्यांत पैसे वसूल असं वाटतं. तसं होत नाही, कारण कप पहिल्याच पाळीत जमत नाही. २०१९ साली 'द लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात सुमारे ३,३०० जणींची माहिती होती. गळती पॅडइतकीच किंवा कमी, असं त्यात दिसलं. पण सरावाला काही पाळ्या लागतात हेही दिसलं आणि पुढे वापरत राहू म्हणणाऱ्या सत्तर टक्क्यांच्या आसपास होत्या. म्हणजे दहातल्या तिघींचा कप कपाटातच जाणार, हे आधीच धरून चालायचं.

भाचीसाठी मी असं मांडलं. पहिल्या पाळीत कपासोबत तरीही दहा पॅड लागतील, दुसऱ्या पाळीत सात, तिसऱ्या पाळीत चार. त्यानंतर पहिल्या दिवशी धाकधूक म्हणून एखादा. असं धरलं तर पैसे सहाव्या पाळीत वसूल होतात. पहिला कप मापाला चुकला आणि दुसरा घ्यावा लागला, तरी दहाव्या पाळीत. पाच वर्षांचा खर्च काढताना कप, सरावातले आणि नंतरचे पॅड, उकळायचं वेगळं पातेलं आणि गॅस असं सगळं धरलं. ते झाले १,५५० च्या आसपास, दोन कप धरले तर २,०५०. कप सोडूनच दिला तर नुकसान पाचशे-सहाशेचं आणि जमला तर पाच वर्षांत साडेसहा हजार वाचतात. असा डाव मी तरी खेळेन.

पैसे वाया जातात ते बहुतेक मापामुळे. वयावरून किंवा बाळंतपणावरून लहान-मोठा कप सांगतात, पण गर्भाशयाचं मुख किती वर आहे हे त्याहून महत्त्वाचं. पाळीच्या दिवसांत हात स्वच्छ धुऊन मधलं बोट आत घालून पाहायचं. नाकाच्या शेंड्यासारखं घट्टसर काही पहिल्या पेरालाच लागलं, तर लांब कप टोचणार. तिथे आखूड कप लागतो. कप गळतो तोही बहुतेक वेळा लहान पडला म्हणून नाही, तर आत पूर्ण उघडला नाही म्हणून. त्याच्या बुडाभोवती बोट फिरवायचं, घडी हाताला लागली तर कप जरा फिरवून उघडायचा. काढताना देठ धरून ओढायचं नाही. आधी बूड चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडवायची. तांबी बसवलेली असेल तर कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं, कारण त्या पकडीने तांबी सरकू शकते.

भाचीचा खरा प्रश्न लोकलचा निघाला. सकाळी पावणेआठला घर सोडायचं, परत यायला साडेआठ. म्हणजे जवळजवळ तेरा तास आणि कप बारा तासांच्या वर ठेवायचा नाही. अंगावर जास्त जात असेल त्या दिवशी तर तो त्याच्या निम्म्या वेळातही भरतो. म्हणजे ऑफिसात एकदा काढणं आलंच. त्यावर उपाय साधा आहे. पाण्याची छोटी बाटली आत घेऊन जायची, रिकामा करून तिथेच विसळायचा, नळावर बाहेर यायची गरज नाही. पाणी नसेल तर स्वच्छ टिश्यूने पुसून परत बसवायचा आणि घरी आल्यावर धुवायचा. हात मात्र आत जायच्या आधीच धुतलेले हवेत.

आणि उकळणं. माझ्या मैत्रिणीने कप गॅसवर ठेवला, तेवढ्यात दाराशी कुरिअरवाला आला आणि पाणी आटून कप पातेल्याला चिकटला. पाचशे रुपये आणि एक पातेलं, दोन्ही गेलं. चहाची एक जुनी स्टीलची गाळणी या कामाला वेगळी काढा. कप तिच्यात ठेवून गाळणी पाण्यात बुडवली की तो बुडाला टेकत नाही. उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं पुरतात. वर्षभराने कप पिवळट दिसला तर घाबरायचं कारण नाही. पण हाताला चिकट लागला, भुकटी सुटायला लागली किंवा कडेला चीर दिसली, तर टाकायचा.

कापडी पॅड

इथे हिशेब मुंबईच्या पावसाशी येऊन थांबतो. किती नग घ्यायचे हे पाळीपेक्षा दोरीवर अवलंबून आहे. उन्हाळ्यात आज धुतलेला पॅड उद्या संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळतो. म्हणजे पहिल्या दोन दिवसांचे आठ नग असले की फिरतं राहतं. जुलैत भांडुपला वहिनीच्या चाळीच्या गॅलरीत तोच पॅड तीन दिवस घेतो. तिसऱ्या दिवसापर्यंत एकही हाताशी परत येत नाही, म्हणजे आठ अधिक तीन, अकरा नग. दोनशेचा एक धरला तर सोळाशेऐवजी बावीसशे. पावसाळ्याचे सहाशे रुपये जास्त.

वहिनी घरीच शिवणकाम करते, बाहेर फारशी जात नाही. तिने विकतचे पॅड पूर्ण बंद केले. भाचीचेच आकडे तिला लावले तर बावीसशे रुपये अठराव्या पाळीत, म्हणजे साधारण सोळा महिन्यांत वसूल होतात. साबणाचे महिन्याला दहाएक रुपये आणि तीन वर्षांनी पाच नग बदलायचे धरले, तर पाच वर्षांचा खर्च ३,८५० च्या आसपास. विकतच्यापेक्षा निम्म्याहून कमी, एका कपापेक्षा मात्र जवळजवळ अडीचपट.

आता भाचीने घरी कापडी आणि ऑफिसला विकतचे वापरले तर? सहा नग पुरतील, पण वाचतील पाळीला सातच पॅड. पाच वर्षांचा खर्च ६,२०० च्या वर जातो. बचत दोन हजारांच्याही आत आणि त्यासाठी चौघींच्या एका न्हाणीघरात पाच वर्षं बादली भिजत घालायची. तिला मी सरळ नको म्हटलं.

कापडी पॅड लवकर वाया जातात ते धुण्यातल्या दोन चुकांनी. गरम पाण्यात भिजवले की डाग पक्का बसतो, गार पाणीच हवं. आणि कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव त्यांना लावायचं नाही. त्याचा थर धाग्यांवर बसतो, मग पॅड शोषत नाही आणि बाजूने गळतो. ओळखायचं असेल तर कोरड्या पॅडवर चमचाभर पाणी ओता. थेंब वर गोळा होऊन राहिला तर थर बसलाय. दोन-तीनदा नुसत्या साध्या पाण्यातून खळखळून काढला की सुधारतो. वाळला की नाही हे बोटांना कळत नाही. मधला भाग गालाला लावून पाहा, गार लागला तर आत ओल आहे. तसाच घडी करून ठेवला की कुबट वास येतो आणि पुढच्या पाळीत खाज सुटते. मग वैतागून बाई परत मेडिकलमध्ये जाते आणि सगळा हिशेब तिथेच कोसळतो. घाई म्हणून कडक इस्त्री फिरवायची नाही, खालचा न गळणारा थर त्याने खराब होतो. कुणाला दिसू नयेत म्हणून वरून कपडा टाकून वाळत घालतात, पण जाड कपड्याखाली ते वाळतच नाहीत. वहिनी पंख्याखाली चिमट्यांचा गोल हँगर टांगते.

विकत घेताना पाकिटावर आयएस १७५१४ दिसतं का पाहा. धुऊन वापरायच्या पॅडसाठीचं हे भारतीय मानक २०२१ सालचं आहे.

एक रुपयाचा पॅड

हा हिशेब वहिनीच्या शेजारणीला सांगत होते, तर ती म्हणाली, "अहो, मी तर जनऔषधीचे घेते." आणि सगळं गणित उलटलं. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड २०१८ साली अडीच रुपयाला सुरू झाला आणि ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला झाला. हे पॅड जरा लवकर बदलावे लागतात असं धरून पाळीला वीस लावले, तरी वीस रुपये. पाच वर्षांचे तेराशे.

या बाईने पैसे वाचवायला बावीसशेचे कापडी पॅड घेतले तर वसूल व्हायला ११० पाळ्या, म्हणजे साडेआठ वर्षं लागतील आणि पॅड त्याआधीच झिजतील. पाचशेचा कपसुद्धा तिला पंचवीस पाळ्या, म्हणजे दोन वर्षं मागतो, तेही सराव न धरता. तिने कचरा नको म्हणून किंवा अंगाला पुरळ येतं म्हणून बदल केला तर तो विचार वेगळा. पैशासाठी करू नये, हे मी तिला मोकळेपणी सांगितलं. भाची मात्र नऊ रुपयांवरून एकदम एक रुपयावर येईल का? तिने एक पाकीट आणून पाहिलं. रात्रीला ठीक, पण लोकलमध्ये उभं राहून जाताना भरवसा वाटत नाही म्हणाली. तोही हिशेबातलाच मुद्दा आहे, कारण भरवसा नसला की दोन-दोन लावले जातात.

शेवटी तिने आखूड कप घेतला आणि सरावासाठी रविवारी घरी असताना येणारी पाळी धरली. पहिल्या पाळीत मी दहा पॅड धरले होते, तिला अकरा लागले. दुसऱ्या पाळीचे तिने मोजून कळवले: सहा.