अंगणातला पाण्याचा आरसा: अकरा महिन्यांचा अनुभव, आणि एका दिव्यावरचा राग

मागच्या दसऱ्याला हौद भरला, म्हणजे आता अकरा महिने होत आले. डिझाइन करणारी मुलगी त्याला ‘रिफ्लेक्टिंग पूल’ म्हणते, मी हौद म्हणते. सासूबाईंचं माहेर पंचवटीतलं. पहिल्या दिवशी त्या काठाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “रहाड केलीत की! पण रहाड वर्षातून एक दिवस उघडतात, ही तुमची बाराही महिने उघडी.” नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, रहाड म्हणजे जुन्या नाशकातले रंगपंचमीचे दगडी हौद. सण झाला की बुजवून टाकतात.

मापं थोडक्यात सांगते, कारण पुढच्या हिशेबाला लागतील. 16 बाय 9 फूट, आत एक फूट पाणी, तळाला आणि बाजूंना काळा कडप्पा. सगळं मिळून सुमारे 4,000 लिटर. पाणी काठाच्या जेमतेम एक बोट खाली ठेवायचं. ते वीतभर खाली गेलं तर समोरच्या भिंतीचा खालचा भाग काठच खाऊन टाकतो. कारंजं नाही. पंपाचं पाणी तळातल्या भोकाभोकांच्या पाइपातून परत येतं. सुरुवातीला ही भोकं वर तोंड करून होती आणि मधोमध सतत चहाला उकळी फुटल्यासारखं दिसायचं. प्लंबरने पाइप फिरवून भोकं खाली केली तेव्हा ते थांबलं. आता पाणी हलतं हे फक्त पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या प्रतिबिंबात कळतं, तिची चौकट किंचित थरथरते. मला हवं होतं ते एवढंच.

आता दिव्याकडे येते. हौदाच्या बाजूच्या भिंतीत, पाण्याखाली, ठेकेदाराने एक गोल पिवळा दिवा बसवला होता. 9 वॅट, 12 व्होल्ट. नकाशात तो नव्हता. “मॅडम, रात्री एकदम हॉटेलसारखं दिसेल,” म्हणाला, आणि 1,400 रुपये बिलात लावून मोकळा झाला. दिसलंही हॉटेलसारखंच. दिवा लागला की तळ दिसायचा, तळावरचा गाळ दिसायचा, बुचाची पडलेली फुलं दिसायची, आणि घर दिसेनासं व्हायचं. ज्यासाठी एवढा खड्डा खणला तेच गायब.

कारण साधं आहे. पाण्यावरून आपल्या डोळ्यांत दोन ठिकाणचा उजेड येतो, पृष्ठभागावरून परतणारा आणि तळातून वर येणारा. ज्याचा जोर जास्त, तेच आपल्याला दिसतं. सरळ वरून वाकून पाहिलं तर पृष्ठभाग शंभरातला जेमतेम दोन भाग उजेड परत फेकतो. नजर जितकी तिरकी, तितका तो वाटा वाढत जातो. म्हणून काठावर उभं राहून पाहण्यापेक्षा समोरच्या ओट्यावर बसून आरसा चांगला दिसतो. तळ काळा हवा तोही यासाठीच, खालून उजेड परत यायला नको. खोलीचा इथे फारसा संबंध नाही, एक फूट पुष्कळ झालं. आणि आपण काय केलं? काळा तळ पैसे मोजून घेतला आणि वर त्यातच दिवा लावला.

नोव्हेंबरात मी तो दिवा बंद करून टाकला. घराच्या दर्शनी भिंतीवर खालून उजेड टाकणारे दोन साधे दिवे लावले. रात्री आठला सगळी भिंत, जाळी, वरची खिडकी, उलटी पाण्यात. दिवसाची उत्तम वेळ सकाळची, सात ते आठ. आमची भिंत पूर्वेकडे तोंड करून आहे. समोरच्या पडवीवरून ऊन येतं, भिंतीच्या वरच्या अर्ध्यावर पडतं, आणि हौद अजून सावलीत असतो. भर दुपारी येऊन “काही दिसत नाही हो” म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी आता चहा देऊन गप्प बसवते.

इथवर मी पाचातले साडेचार गुण दिले असते. मग एप्रिल आला.

हौदाला बोअरचं पाणी बॉलकॉकने आपोआप भरतं, त्यामुळे किती जातं ते कळतच नाही. आमच्या गंगापूर रोडच्या बोअरला उन्हाळ्यात धाप लागते, म्हणून मी एका संध्याकाळी बॉलकॉकचा व्हॉल्व बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पट्टी लावली तर पाणी दीड सेंटिमीटरहून जास्त खाली. ठेकेदाराला फोन केला. “मॅडम, नाशिकचं ऊन आहे, पाणी उडणारच.” मी तीस वर्षं बँकेत काढली आहेत. रक्कम जुळत नसली की “उडाली” असं कोणी म्हटलं, तर मी त्याच्याकडून व्हाउचर मागते.

व्हाउचर म्हणजे बादली. हौदात दोन विटा ठेवायच्या, त्यावर बादली, अशी की काठ पाण्याच्या वर राहील. बादलीत हौदाचंच पाणी, बाहेरच्या पातळीइतकं भरायचं. बादलीच्या आतल्या आणि हौदाच्या पातळीला मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही. बादली अंगणात ठेवून चालत नाही. हौदात ठेवली तर दोन्ही पाणी सारखंच तापतं आणि वाराही सारखाच लागतो, मग उडणारं पाणी दोन्हीकडे सारखंच. बादली गळत नाही. हौद त्याहून जास्त उतरला तर तो फरक गळतीचा.

बादली 7 मिलिमीटर उतरली. हौद 16. आमच्या हौदात एक मिलिमीटर म्हणजे साधारण 13 लिटर. म्हणजे 9 मिलिमीटरचे सुमारे 120 लिटर रोज जमिनीत, आणि ते उपसायला बोअरची मोटर. पंप बंद ठेवून पुन्हा मोजलं, आकडे तेच. पंपाच्या दाबाने पाइप गळत असता तर पंप बंद असताना फरक कमी व्हायला हवा होता. म्हणजे गळती हौदाच्या अंगातच.

ठेकेदार आला, वही पाहिली, आणि सूर बदलला. “सगळा कडप्पा उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल. 38 हजार.” परवापर्यंत उन्हाने उडणारं पाणी आता 38 हजारांचं झालं होतं. मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार असा केला की पाणी भरायचंच नाही. गळकी जागा जिथे असेल तिथवर पाणी उतरेल आणि मग फक्त उन्हाने जाईल. तळाला चीर असेल तर उतरतच राहील. बादली रोज नव्या पातळीला भरायची आणि वहीत दोन आकडे लिहायचे. पहिले दिवस हौद 16, 15, 15. पुढे 13, 12. वरचं पाणी कमी झालं की दाब कमी, गळतीही कमी. हे म्हणाले, “अगं, मासे शिजतील.” (गप्पी मासे सोडलेत, डासांच्या अळ्या खातात. डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या माणसांनी टॉर्च मारून पाहिलं आणि समाधानाने गेले. माशांमुळेच माळ्याला शेवाळावर मोरचूद टाकू दिलं नाही.) मासे शिजले नाहीत. अकराव्या दिवशी पाणी 14 सेंटिमीटर खाली होतं. बाराव्या दिवशी बादली 7, हौद 7. तेराव्या दिवशीही तसंच.

पाणी थांबलं होतं ती जागा म्हणजे त्या पिवळ्या दिव्यामागचं भोक.

मेन स्विच बंद करून चार स्क्रू काढले आणि दिवा हातात आला. मागे वायरीसाठी पीव्हीसीचा पाइप, थेट भिंतीतून बाहेर लॉनच्या कडेला असलेल्या जंक्शन बॉक्सपर्यंत. त्याच्या तोंडाला सिलिकॉनचा एक थेंब फासलेला, तोही सुटलेला. वायरीच्या भोवतीच्या फटीतून पाणी सात महिने निवांत चाललं होतं. जंक्शन बॉक्स उघडला तर आत अर्धं पाणी आणि एक गोगलगाय. 12 व्होल्ट होते म्हणून ही गोष्ट हसत सांगते आहे.

दिवा मी परत बसवलाच नाही. वायर ओढून काढली, पाइपाचं तोंड दोन दिवस फडक्याने कोरडं केलं, आणि दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी दोन्ही टोकांना ठासून भरली. 240 रुपये. आठवड्याने हौद भरून पुन्हा बादली ठेवली. 7 आणि 7. ठेकेदाराला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

एक चूक माझीही सांगते. बोअरच्या जड पाण्याने पाण्याच्या रेघेवर पांढरा क्षार धरतो, काळ्या दगडावर तो खडूने ओढल्यासारखा दिसतो. मी व्हिनेगर लावलं. ग्रॅनाइट असता तर निभावलं असतं. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, आम्लाने त्याची झिलईच गेली. वीतभर राखाडी डाग कायमचा. ग्रॅनाइट महाग म्हणून कडप्पा घ्यायला लावणारीही मीच. आता नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी, तेही रेघ कोवळी असताना. धुळीची साय धरली तर वर्तमानपत्राचं उघडं पान पाण्यावर अलगद पसरायचं आणि एका कडेने उचलायचं. साय कागदाला चिकटून येते.

तर गुण पुन्हा साडेचार. अर्धा कडप्प्याचा कापला, त्यात दोष माझा असला तरी.

राहिली सासूबाईंची गोष्ट. जंक्शन बॉक्सजवळ लॉनचा एक कोपरा मार्चपासून हिरवागार होता. बाकी लॉन पिवळं पडलेलं आणि तिथे दूर्वा अशी लुसलुशीत की त्या रोज सकाळी गणपतीला तिथूनच खुडायच्या. मला दोनदा म्हणाल्याही होत्या, “इथे पाणी आहे गं.” मी म्हटलं होतं, जागा चांगली असेल. पुट्टी भरल्यावर पंधरा दिवसांत तो कोपरा वाळला. संकष्टीला त्या ताटली घेऊन गेल्या आणि रिकामी ताटली घेऊन परत आल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तुझा हिशेब जुळला, माझ्या दूर्वा गेल्या.”

तेव्हापासून पाऊस लागेपर्यंत रोज संध्याकाळी हौदातलं तांब्याभर पाणी त्या कोपऱ्यात ओतत होते. ते वहीत लिहिलेलं नाही.