होम्सचा तर्क की डॉक्टर बेलची नजर: शिकायचं कोणाकडून?

माझी भाची नांदेडला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने परवा विचारलं, "मामा, होम्ससारखं निरीक्षण शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स आहे, तीन हजार रुपये. करू का?" मी लगेच नाही म्हणणार होतो. मग वाटलं, आधी शेरलॉक होम्स नेमकं काय करतो आणि तो ज्या खऱ्या माणसावरून घडवला तो काय करायचा, हे शेजारी शेजारी ठेवून बघावं. दोघांत जो फरक आहे, तो तीन हजारांपेक्षा मोठा निघाला.

होम्सचा सगळ्यात गाजलेला अंदाज १८८७ सालच्या पहिल्याच कथेत आहे. प्रयोगशाळेत वॉटसनशी हात मिळवतो आणि म्हणतो, तुम्ही अफगाणिस्तानात होता असं दिसतं. पुढे तो पायऱ्या सांगतो. माणूस डॉक्टरी पेशाचा, पण चालण्याबोलण्यात लष्करी ढब, म्हणजे लष्करी डॉक्टर. चेहरा रापलेला पण मनगटं गोरी, म्हणजे उष्ण प्रदेशातून आलेला. चेहरा ओढलेला, म्हणजे हाल आणि आजारपण. डावा हात अवघडून धरलेला, म्हणजे जखम. उष्ण प्रदेशात इंग्रज लष्करी डॉक्टरवर असे हाल आणि जखम कुठे ओढवतील? अर्थातच अफगाणिस्तानात.

वाचताना टाळी वाजवावीशी वाटते. आता परत सावकाश वाचा. पहिली पायरी अनुमान नाहीच, कारण ओळख करून देणारा स्टॅमफर्ड आधीच "डॉक्टर वॉटसन" म्हणालेला असतो! दुसरं, अफगाणिस्तान उष्ण कटिबंधात येतच नाही, कर्कवृत्तापासून ते बरंच उत्तरेला आहे. तिसरं, वॉटसन मैवंदच्या लढाईत जखमी झाला ती जुलै १८८०ची. त्यानंतर पेशावरच्या इस्पितळात विषमज्वराने कित्येक महिने खाटेवर, मग बोटीचा प्रवास, मग लंडनमध्ये काही काळ हॉटेलात. इतक्या दिवसांनी रापलेपण टिकलं असेल का, हा प्रश्नच आहे.

खरी मेख मात्र शेवटच्या पायरीत आहे. १८७९ मध्ये इंग्रज दक्षिण आफ्रिकेत झुलूंशी लढत होते आणि १८८०-८१ मध्ये तिथेच बोअर लोकांशी. रापलेला, आजारी, हाताला जखम असलेला इंग्रज लष्करी डॉक्टर तिथूनही आला असता. होम्सने या शक्यता खोडून काढल्या नाहीत, त्या बघितल्याच नाहीत. लेखकाला उत्तर माहीत होतं, म्हणून बरोबर आलं. (त्याच लेखकाने पुढच्या कादंबरीत वॉटसनची जखम खांद्यावरून पायात नेली. तिथे होम्स असता तर बिचारा काय करता! आणि हो, हा वॉटसन आपल्या पलटणीत सामील व्हायला उतरला होता तो मुंबईच्या बंदरात.)

आपल्याकडे तर्कशास्त्र शिकवताना धूर आणि अग्नी यांचं उदाहरण देतात. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान चालतं, कारण धूर अग्नीशिवाय नसतोच. त्याला व्याप्ती म्हणतात. पण उलटं चालत नाही. जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणाल तर गुरुजी लाल तापलेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. होम्स बहुतेक वेळा नेमकं हे उलटं वाक्य वापरतो. अफगाणिस्तानातून आलेला लष्करी डॉक्टर रापलेला असतो, हे ठीक. पण रापलेला लष्करी डॉक्टर अफगाणिस्तानातूनच आला, हे कसं? दिसलेल्या खुणेचं एक पटणारं कारण सुचवणं, एवढंच तो करत असतो. ते उपयोगाचं काम आहे, पण ती सुरुवात आहे आणि तो तिला निकाल म्हणून सांगतो.

शिवाय साखळीचा हिशेब. पाच पायऱ्या एकीवर एक रचल्या आणि प्रत्येक पायरी शंभरात ऐंशी वेळा बरोबर ठरते असं उदारपणे धरलं, तरी पाचही बरोबर येण्याची शक्यता शंभरात तेहतीसच्या आसपास उरते. म्हणजे तीन वॉटसनांपैकी दोघे म्हणाले असते, "नाही हो, मी कुठला अफगाणिस्तानात?" कथेत ते दोघे भेटत नाहीत.

आता दुसरी बाजू. होम्सचा लेखक कॉनन डॉयल एडिनबराला वैद्यक शिकत असताना तिथल्या रॉयल इन्फर्मरीत डॉ. जोसेफ बेल हे सर्जन होते (१८३७-१९११). डॉयल त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात कारकुनी करायचा: रुग्णांना रांगेत बसवायचं, थोडी टिपणं घ्यायची, एकेकाला आत सोडायचं. १८९२ साली होम्सकथांचा पहिला संग्रह त्याने बेल यांनाच अर्पण केला.

बेल यांची एक गोष्ट त्यांच्या विद्यार्थ्यांकडून आलेली आहे. एक बाई लहान मूल घेऊन आली. बेल यांनी विचारलं, बर्न्टआयलंडहून येतानाचा बोटीचा प्रवास कसा झाला? बरा झाला. इन्व्हरलीथ रो वरून चालत आलात ना? हो. दुसरं मूल कुठे ठेवलंत? लीथला बहिणीकडे. आणि अजून लिनोलियमच्या कारखान्यातच काम करता? हो. विद्यार्थी अवाक.

उलगडा असा. बाईचा उच्चार फाइफ परगण्याचा, आणि त्या किनाऱ्यावरून एडिनबराला यायचं तर बर्न्टआयलंड हे जवळचं बंदर. बुटांच्या कडेला तांबडी माती, तशी माती आसपास फक्त बोटॅनिकल गार्डनपाशी, आणि इन्व्हरलीथ रो हा रस्ता त्या बागेला लागूनच जातो. हातावर टाकलेला छोटा कोट कडेवरच्या पोराला मोठा होईल असा, म्हणजे घरून निघताना दुसरं, मोठं मूल बरोबर होतं. उजव्या हाताच्या बोटांवर त्वचेचा दाह, आणि तो बर्न्टआयलंडच्या लिनोलियम कामगारांमध्ये दिसणारा.

वरवर पाहता हीच होम्सची जादू. पण इथे धागा वेगळ्या तऱ्हेने विणलेला आहे. पायऱ्या एकीवर एक नाहीत. उच्चार बर्न्टआयलंडकडे बोट दाखवतो आणि बोटांवरचा दाहही, दोन्ही एकमेकांवर अवलंबून नसताना. एक चुकला तरी दुसरा उभा राहतो. दुसरं म्हणजे बेल यांचं जग लहान होतं. त्या दवाखान्यात कोण येतं, कुठल्या गावात कसला कारखाना, कुठल्या रस्त्यावर कुठली माती, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक होतं. हेच बेल लंडनच्या दवाखान्यात बसवले असते तर मातीने त्यांना काही सांगितलं नसतं. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: बेल यांनी काही जाहीर केलं नाही, त्यांनी विचारलं. प्रत्येक अंदाज प्रश्नाच्या रूपात रुग्णापुढे गेला आणि लगेच हो किंवा नाही मिळालं. अशी हो-नाही रोज मिळत गेली की नजर आपोआप सुधारते.

चुकायचे तेही. त्यांच्या नावावर एक किस्सा सांगितला जातो. एका रुग्णाला त्यांनी विचारलं, तुम्ही बँडमध्ये वाजवता ना? हो म्हणाला. बेल वर्गाकडे वळले आणि फुंकून फुंकून गालाचे स्नायू कसे निकामी होतात ते समजावून सांगू लागले. मग सहज विचारलं, कुठलं वाद्य? "मोठा ढोल, डॉक्टरसाहेब." इथेही बघा, चूक उघडी पडली ती आणखी एक प्रश्न विचारल्यामुळे.

मग दोघांच्या मधला माणूस, म्हणजे खुद्द डॉयल, त्याने हे प्रत्यक्षात करून पाहिलं का? पाहिलं, आणि त्या प्रकरणाचा धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबईचे पारशी शापूरजी एदलजी ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधल्या ग्रेट वर्ली गावात पाद्री झाले होते. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील. १९०३ मध्ये गावातली जनावरं रात्री कोणीतरी फाडत होतं. एका तट्टाच्या प्रकरणात जॉर्जला सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण निर्दोष ठरला नव्हता. डॉयल त्याला एका हॉटेलात भेटायला गेला, तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ आणि थोडा तिरका धरलेला. डॉयल स्वतः काही काळ नेत्रवैद्यक शिकलेला. त्याने ताडलं: दूरचं फार कमी दिसतं, शिवाय दृष्टिवैषम्य. असा माणूस अंधाऱ्या रात्री शेतं आणि रेल्वेचे रूळ ओलांडून तट्टू कसं गाठणार?

कथा असती तर इथेच पडदा पडला असता. डॉयलने मात्र आधी जॉर्जला विचारलं आणि मग त्याला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं. दृष्टिदोष आठ डायॉप्टरच्या घरातला निघाला. तो आकडा हातात घेऊन डॉयलने जानेवारी १९०७ मध्ये वर्तमानपत्रातून मोहीम उघडली आणि मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली, जरी नुकसानभरपाई नाही.

एवढ्यावर डॉयल थांबला असता तर बरं झालं असतं. मग त्याने खरा गुन्हेगार शोधायला घेतला आणि एका स्थानिक माणसावर बोट ठेवलं. पुरावे होते, पण सगळे एकीवर एक रचलेले, आणि उलटतपासणी करणारं समोर कोणी नव्हतं. सरकारने त्यावर कारवाई केली नाही आणि मला वाटतं, ते बरोबरच होतं. तोच माणूस, तीच नजर, काही महिन्यांच्या अंतराने. पहिल्या वेळी तो बेलसारखा वागला, दुसऱ्या वेळी होम्ससारखा.

तर निवड कशी करायची? रहस्यकथा लिहायची असेल तर होम्स घ्या, त्याला तोड नाही. नोकरीच्या मुलाखती घेत असाल तर दोघांपासूनही जरा लांब राहा. उमेदवाराच्या बुटांवरून काढलेल्या अंदाजाला तुम्हाला कधी हो-नाही मिळतच नाही, कारण ज्याला नाकारलं तो परत सांगायला येत नाही. चूक वर्षभर तशीच राहते आणि तुम्हाला मात्र आपण माणसं ओळखतो असं वाटत राहतं. डॉक्टर, परिचारिका, गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक, रोज एकाच तऱ्हेचं काम समोर येणारं कोणीही असेल, तर बेलची पद्धत शिकण्यासारखी आहे. त्याला कोर्स लागत नाही. रुग्ण बसला की प्रश्न विचारायच्या आधी वहीत अंदाज लिहायचा, कुठल्या खुणेवरून तेही लिहायचं, याच खुणेचं दुसरं कारण काय असू शकेल ते एक तरी लिहायचं, आणि मग विचारायचं. अंदाज आधी कागदावर हवा, नाहीतर उत्तर कळल्यावर "मला वाटलंच होतं" म्हणायला मन मोकळं राहतं.

भाचीने तीन हजार वाचवले आणि दोनशे पानी वही आणली. पहिल्या आठवड्यातल्या अकरा अंदाजांपैकी चार बरोबर. त्यातला एक तिने मला फोनवर वाचून दाखवला: "पन्नाशीचे काका, उजव्या हाताची बोटं आणि नखं पिवळी. अंदाज: बिडी. दुसरं कारण: सुचलं नाही." विचारल्यावर काका म्हणाले, बाई, मी वसमतच्या बाजारात हळद निवडायला जातो, बिडीला आयुष्यात हात लावला नाही. खाली तिने लाल पेनाने लिहिलं होतं: डावा हात बघायचा राहिला.