उतारावरची फट: सरळ बेरीज की भारित बेरीज?

३०° उताराच्या ब्लॉकजवळ पिन येते. दोघांमधली फट उताराला काटकोनात मोजायची. पिनच्या आडव्या आणि उभ्या मापाचा टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, प्रत्येकी ±०.१ मिमी. मग फट एकूण किती बदलेल?

सरळ बेरीज ±०.२ सांगते. पण आडव्या मापाचा फटीवर sin ३०° म्हणजे निम्माच परिणाम होतो, उभ्याचा cos ३०°, म्हणजे ०.८७. भारित बेरीज ±०.१४ येते. इथे सरळ बेरीज उगाच घाबरवते.

खरी गंमत कोनात आहे. कोनाचा टॉलरन्स ±०.२°; अंश मिमीत मिळवता येत नाहीत म्हणून सरळ बेरजेत तो गळतोच. उताराच्या कोपऱ्यापासून पिन ६० मिमीवर असेल, तर ०.२° म्हणजे ०.००३५ रेडियन धरून ६० × ०.००३५ = ०.२१ मिमी. एकूण ±०.३५!

मी भारितच धरतो. शंका आली तर कॅडमध्ये एकच माप ०.१ ने हलवून फट किती बदलते ते बघतो.