तोटीचं भांडं की बरणीवरची खूण?

पोलादी जहाज का तरंगतं, हे मुलांना घरी दाखवायचं तर दोन मार्ग आहेत. एकात तोटीच्या भांड्यातून सांडलेलं पाणी तोलायचं, दुसऱ्यात काचेच्या बरणीवर पातळीची खूण करायची. सामान तेच: 100 ग्रॅमचा भरीव पोलादी गोळा, साधारण 29 मिमी व्यासाचा, आणि 100 ग्रॅमचाच स्टीलचा उभा डबा, 8 सेमी व्यासाचा.

तोटीच्या भांड्याचा गुण मोठा आहे. डबा सोडला की सांडलेलं पाणी 100 ग्रॅम भरायला हवं, म्हणजे डब्याच्याच वजनाइतकं. गोळा सोडला तर जेमतेम 13 ग्रॅम, कारण भरीव पोलाद तेवढीच जागा घेतं. 100 ग्रॅमच्या गोळ्याला पाणी फक्त 13 ग्रॅमइतकं उचलून धरतं, मग तो तळ गाठणारच. वजनकाट्यावर आकडा दिसतो, हे खरंच छान.

अडचण तोटीच्या तोंडाशी आहे. पृष्ठताणामुळे पाणी तिथे फुगून थांबतं, आणि दर वेळी वेगळ्या उंचीवर थांबतं. माझ्या अनुभवात पाच-सहा ग्रॅम सहज इकडचे तिकडे होतात. डब्याच्या 100 ग्रॅममध्ये ते खपून जातं, पण गोळ्याच्या 13 मधले सहा गेले तर मुलांना काय पटवणार? भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून, गोळा दोऱ्याने हळू सोडून, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबलं तर फरक कमी होतो. जात मात्र नाही.

बरणीत काहीच सांडत नाही. आतून 12 सेमी व्यासाची, सरळ कडांची बरणी घ्या. पाणी 10 सेमी तरी खोल हवं. गोळा डब्यात ठेवून डबा तरंगवा आणि पातळीशी कागदाची पट्टी चिकटवा. गोळा घरंगळला तर डबा कलंडून पाणी घेतो, म्हणून खाली मधोमध कणकेचा छोटा गोळा दाबा. आता पोलादी गोळा उचलून बाजूला पाण्यात सोडा. कणीक डब्यातच राहू द्या. पातळी खाली उतरते, सुमारे 8 मिमी. डब्यात असताना तोच गोळा 100 ग्रॅम पाणी बाजूला सारत होता, तळाशी गेल्यावर 13 ग्रॅम सारतो.

विमानवाहू विक्रांत सुमारे 43,000 टन पाणी सारते. तेवढ्याच वजनाचा भरीव पोलादी गोळा साडेपाच हजार टनांच्या आसपासच सारेल. हे दोन आकडे सांगायचे असतील तर तोटीचं भांडं वाईट नाही. पण फरक डोळ्यांनी दिसायला हवा असेल तर मी बरणीकडे झुकेन.

शिवाय तिथे आणखी एक पायरी करता येते. डब्याची कड दाबून त्यात पाणी शिरू द्या. डबा तळाशी जातो आणि पातळी आणखी 8 मिमी उतरते, कारण आता डबाही फक्त आपल्या पत्र्याइतकंच पाणी सारतो.